खाडा द्या, नाहीतर पैसे परत करा

मोबाइलवरच्या खेळांत बॅटल पास विकणाऱ्या सर्व कंपन्यांना, आणि ज्यांच्या फोनवरून, ज्यांच्या यूपीआयवरून तो पास घेतला जातो त्या पुणे शहरातल्या पालकांना हा जाहीर इशारा आहे. मुदत येत्या गणेश चतुर्थीपर्यंतची. मुदत हीच का, तेही सांगतो. गणपती उठले की दिवाळीच्या इव्हेंटच्या जाहिराती खेळांत झळकू लागतात. मुलांच्या हातात ओवाळणीचे आणि खाऊचे पैसे येणार, सुट्ट्या लागणार, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या आधी हा हिशेब मिटला पाहिजे.

सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत मेस लावून राहिलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला खाडा माहीत असतो. चार दिवस गावाला जाणार असं आधी सांगितलं, तर मेसवाल्या काकू तेवढ्या दिवसांचे पैसे धरत नाहीत किंवा मुदत पुढे ढकलतात. बॅटल पासही आगाऊ पैसे भरून घ्यायची महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट. पण त्यात खाडा नाही. तुमचं आजारपण, परीक्षा, घरातलं लग्न, काहीही असो. खेळला नाहीत तो दिवस बुडाला आणि सीझन संपला की उरलेला सगळा माल गेला. ज्याचे पैसे घेतले ती वस्तू दिली नाही, आणि दोष मात्र गिऱ्हाइकाचा. हा व्यवहार पुण्यातल्या एकाही मेसने केला नसता.

पालकांपैकी अनेकांना पास म्हणजे नेमकं काय ते माहीत नसतं, म्हणून आधी ते सांगतो. खेळ फुकट असतो. सीझन सुरू झाला की बक्षिसांच्या दोन रांगा उघडतात, एक फुकटची आणि एक पैसे भरणाऱ्यांची. खेळून गुण मिळवायचे, गुणांनी लेव्हल चढायची आणि प्रत्येक लेव्हलला एखादी वस्तू उघडायची. कपडे, बंदुकीचं रंगरूप म्हणजे स्किन, नाचाची एखादी लकब, असं काहीबाही. सगळ्यात देखणा पोशाख शेवटच्या लेव्हलला ठेवलेला असतो आणि जाहिरातीत तोच दाखवतात. म्हणजे पैसे भरून वस्तू मिळत नाही. पैसे भरून ती वस्तू कमावण्याची परवानगी मिळते, आणि तीही मुदतीची.

आता हिशेब करू. खाली घेतलेला पास मी उदाहरणासाठी रचला आहे. प्रत्येक खेळात आकडे वेगळे असतात, पण रचना हीच असते. सीझन ६० दिवसांचा, लेव्हल १००, एका लेव्हलला १००० गुण. म्हणजे एक लाख गुण हवेत. रोजच्या मिशनचे दिवसाला ९०० गुण मिळतात. ६० दिवसांचे झाले ५४,०००. आठवड्याच्या मिशनचे ६,५०० गुण. आठ आठवड्यांचे ५२,०००. बेरीज १,०६,०००. म्हणजे सगळं चोख केलं तर फक्त सहा हजार गुण शिल्लक राहतात. आठवड्याची मिशनं मागाहून करता येतात, रोजची मात्र त्याच दिवशी करावी लागतात. तेव्हा ६० दिवसांत फार तर सहा दिवस सुट्टी घेता येईल, सातव्या दिवशी शेवटचा पोशाख हातचा गेला.

वेळेचंही पाहा. रोजची मिशनं चाळीस मिनिटांची धरली तर ६० दिवसांचे ४० तास. आठवड्याची मिशनं तीन तासांची धरली तर २४ तास. एकूण ६४ तास. पास घेतानाच्या पडद्यावर किंमत लिहिलेली असते, पोशाख फिरताना दिसतो, सीझन संपायला किती दिवस उरले तेही दिसतं. पण पास पुरा करायला साधारण किती तास लागतील हा आकडा तिथे शोधून दाखवा. तो आकडा कंपनीकडे नसतो असं नाही. किती गुण द्यायचे, कोणत्या दिवशी द्यायचे, किती टक्के लोक शेवटपर्यंत पोहोचावेत, हे सगळं आधी मांडूनच सीझन बाहेर काढलेला असतो.

या पासात नववीतला एक मुलगा घाला. सहामाही परीक्षेचे चौदा दिवस आईने फोन काढून घेतला आणि चार दिवस सगळे गावाला गेले. अठरा दिवस बुडाले, म्हणजे १६,२०० गुण गेले. बाकी सगळं त्याने नेटाने केलं तरी बेरीज होते ८९,८००. सीझनच्या शेवटच्या रविवारी तो ८९व्या लेव्हलला उभा आहे, पोशाख अकरा लेव्हल वर आहे आणि त्याच पडद्यावर बटण आहे: लेव्हल विकत घ्या. एका लेव्हलला ४० नाणी. अकरा लेव्हलला ४४०. पण नाण्यांचं पाकीट ३०० चं आहे आणि ६०० चं आहे, ४४० चं नाही. तो ६०० चं घेतो. एक नाणं एक रुपयाचं धरलं तर ४०० रुपयांचा पास १००० रुपयांना पडला आणि १६० नाणी खात्यात उरली. ती पुढच्या पासाला पुरत नाहीत आणि सोडवतही नाहीत. पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी तीच नाणी त्याला सांगतील की आता थोडेच घालायचे आहेत.

त्या रविवारी त्या मुलाच्या मनात काय चाललेलं असतं ते नीट समजून घ्या. पोशाख फार आवडला म्हणून तो पैसे घालत नाही. आधी घातलेले ४०० रुपये आणि पन्नासेक तास वाया जातील, या धास्तीने घालतो. ‘आरपी मॅक्स केली का?’ म्हणजे पास पुरा केला का, हा प्रश्न सोमवारी वर्गात येणार असतो. खेळायला बसल्यावर सगळे एकत्र जमतात त्या पडद्यावर ज्याच्या अंगावर फुकटचे कपडे, त्याला नवखा म्हणून वेगळं ओळखलं जातं. हुकण्याची ही भीती आपोआप तयार होत नाही. सीझनची मुदत, रोजची हजेरी, उलटं धावणारं घड्याळ आणि शेवटच्या आठवड्यात पुढे येणारं लेव्हल विक्रीचं बटण, या चार खिळ्यांवर ती ठोकून बसवलेली असते.

पाचवा खिळा जास्त धोकादायक आहे, कारण तो सवलतीसारखा दिसतो. बऱ्याच पासांत वरच्या लेव्हलला थोडी नाणी परत मिळतात. फोर्टनाइटमध्ये अनेक वर्षं पास ९५० व्ही-बक्सचा होता आणि तो पुरा करणाऱ्याला १५०० व्ही-बक्स परत मिळायचे. म्हणजे एकदाच पैसे घाला, पुढचे पास फुकटात. मुलं आईबाबांना हेच सांगून पहिला पास मागतात आणि त्यात खोटं काही नसतं. पण अट एकच असते, प्रत्येक सीझन पुरा करा. एक चुकला की साखळी तुटली. म्हणजे पैशांच्या जागी वेळ द्यायचा, दर सीझनला, न चुकता.

सणाच्या इव्हेंटचं गणित याहून घट्ट असतं. तिथे मुदत सात-दहा दिवसांची आणि बक्षीस सलग हजेरीवर. ज्या खेळांचा दिवस यूटीसी वेळेप्रमाणे बदलतो, त्यांचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उगवतो. नरकचतुर्दशीला घरात उटणं, तेल, पाणी तापवणं चाललेलं असतं, त्याच वेळी पोरगं पांघरुणात फोन उघडून हजेरी लावत असतं. त्याला दटावू नका. ती वेळ त्याने निवडलेली नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण या बाबतीत पुण्यात मोठा गैरसमज आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांविरुद्ध आहे. बॅटल पासात काही लावत नाहीत आणि पैसे जिंकत नाहीत, म्हणून तो त्या बंदीत येत नाही. उलट वर्गणी घेऊन खेळू देणं हे त्या कायद्याला मान्यच आहे. तेव्हा सरकारने बंदोबस्त केला आहे या समजात कोणी राहू नये.

कंपन्यांच्या स्वतःच्या अटींचंही तेच. बीजीएमआय हा खेळ २ जुलै २०२१ ला भारतात आला तेव्हा १८ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची आणि खर्चासाठी दिवसाला सात हजार रुपयांची मर्यादा जाहीर झाली होती. त्या खेळावर आलेल्या बंदीनंतर २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला तेव्हाही तीन तासांची अट होती. तीन तासांची अट काही नसण्यापेक्षा बरी. पण दिवसाला सात हजार म्हणजे महिन्याला दोन लाख दहा हजार. शाळकरी मुलाच्या खर्चाची ही मर्यादा असेल, तर मर्यादा नाही असंच म्हणायला हवं. आणि वेळेच्या अटीने पासाच्या मुदतीला हात लागत नाही. मुलगा रोज तीन तासांच्या आतच खेळतो, पण एकही दिवस चुकवत नाही. दुखणं नेमकं तिथेच आहे.

हात लावता येतो तो दुसऱ्या ठिकाणी. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार आहेत आणि पहिलाच आहे खोटी घाई. वस्तू संपत आली, वेळ संपत आली असं खोटं भासवून तत्काळ खरेदी करायला लावणं. भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ही तत्त्वं लागू आहेत.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी, नाहीतर तक्रारी पहिल्याच पायरीला पडतील. सीझन खरोखर संपत असेल आणि वस्तू पुन्हा कधीच येणार नसेल, तर ती घाई क्रूर आहे, पण कायद्याच्या शब्दांत खोटी नाही. खोटी कधी ठरते? घड्याळ शून्यावर गेलं आणि वस्तू तरीही विकायला राहिली, किंवा ‘शेवटची संधी’ म्हणून विकलेला पोशाख काही महिन्यांनी दुसऱ्या नावाच्या इव्हेंटमध्ये परत आला, तेव्हा. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक गेम्सला सव्वाअकरा लाख युरोंचा दंड केला तो अशाच गोष्टींवर. दुकानातली उलटी घड्याळं दिशाभूल करणारी होती आणि ‘आत्ताच घे’ असं मुलांना थेट सांगितलं जात होतं. एपिकने निर्णय मान्य नसल्याचं सांगितलं. पण त्या देशात १८ वर्षांखालच्या मुलांना ४८ तासांपेक्षा कमी मुदतीच्या वस्तू दाखवणं बंद करावं लागलं. तिथल्या मुलाला जे संरक्षण मिळालं ते कोथरूडच्या मुलाला का मिळू नये, याचं उत्तर कंपन्यांनी द्यावं.

आणि मुदतीशिवाय पास चालवणं जमत नाही असं कोणी सांगू नये. हेलो इन्फिनिट हा खेळ २०२१ मध्ये आला तो न संपणारे पास घेऊन. हेलडायव्हर्स २ मध्ये २०२४ पासून तसंच आहे. एकदा घेतलेलं तुमचं, परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्यात, कधीही पुरं करा. खुद्द एपिकने २०२४ च्या ऑगस्टपासून सांगायला सुरुवात केली की पासातल्या वस्तू अठरा महिन्यांनी दुकानात परत येऊ शकतात. ‘पुन्हा कधीच नाही’ ही खेळाची गरज नव्हती, ती विक्रीची गरज होती, हे त्यांनीच दाखवून दिलं.

हे खास करून आपल्या शहरातल्या स्टुडिओंनी ऐकावं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. १६ ऑक्टोबर २०२४ ला बाहेर आलेला इंडस हा बॅटल रोयाल पुण्याच्या सुपरगेमिंगने केला. पुण्यात बसून जगासाठी खेळ करता येतात याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच मागणी आधी तुमच्याकडे आहे. मुदत नसलेला, तास छापलेला पास या शहरातून निघू द्या.

मागण्या तीनच. पहिली, पैसे भरून घेतलेला पास मुदतीने मारू नका. सीझन संपला तरी तो पुरा करायची मुभा ठेवा. तेवढं जमत नसेल तर खाडा द्या, सीझनमध्ये निदान पंधरा दिवस असे, ज्यांची रोजची मिशनं मागाहून करता येतील. दुसरी, खरेदीच्या बटणाजवळ किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत पास पुरा करायला लागणारे सरासरी तास लिहा. तिसरी, १८ वर्षांखालच्या खात्यांना लेव्हल विकू नका, ना शेवटच्या आठवड्यात, ना आधी.

गणेश चतुर्थीपर्यंत यातलं काही झालं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून पुढचं सुरू होईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १७ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी करता येते. मी ती पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करणार आहे आणि पुरावे असलेल्या प्रत्येक पालकाला माझ्याबरोबर नेणार आहे. प्राधिकरणाचा आदेश मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, वीस लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. शिवाय ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांपर्यंत मागे जाता येतं. कंपनीचं कार्यालय परदेशात असलं, तरी तक्रार पुण्यातच उभी राहते. चारशे रुपयांसाठी कोण कोर्टात जाणार, या भरवशावर हा धंदा चालला आहे. तो भरवसा आता सोडा.

आता पालकांना. तुमच्यासाठी इशारा याहून कमी कडक नाही, कारण तुमच्या एका चुकीने मुलाचा हक्क जातो. अज्ञान मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात हे ठरवून टाकलं आहे. मुलाने तुमच्या नकळत पास घेतला तर परताव्याच्या मागणीला हाच आधार आहे. पण घरोघरी होतं काय, कटकट नको म्हणून खेळात जन्मसाल मोठ्या माणसाचं टाकलं जातं. मग कंपनी म्हणते, आमच्याकडे हा तीस वर्षांचा गृहस्थ आहे. तीन तासांची अटही गेली आणि परताव्याचा मुद्दाही लंगडा पडला. आज रात्री फोन घ्या आणि ते साल दुरुस्त करा. गूगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत तिथेच परतावा मागा. नंतर खेळ करणाऱ्या कंपनीच्या मागे लागावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख देऊन रिडीम कोड आणले जातात, तेही विचारा. त्यांची नोंद तुमच्या बँकेत दिसत नाही.

पुरावा आजपासून जमवा. पास घेण्याच्या पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट, उलट्या घड्याळाचा स्क्रीनशॉट आणि ते घड्याळ संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच जागेचा स्क्रीनशॉट. वस्तू तिथेच असेल तर तक्रारीतला सगळ्यात वजनदार कागद तोच. गूगलच्या ईमेलमधला GPA. ने सुरू होणारा ऑर्डर नंबर आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

आणि खेळणाऱ्या मुला-मुलींनो, तुम्हाला धमकी नाही, एक गोष्ट सांगायची आहे जी दुकानाच्या पडद्यावर कोणी ठळकपणे लिहीत नाही. बहुतेक पासांत दोन्ही रांगा एकाच लेव्हलवर चालतात. तुम्ही पैसे न भरता खेळत राहिलात, तरी तुमची लेव्हल चढतच असते. शेवटच्या आठवड्यात पास घेतला, तर तोवरच्या सगळ्या लेव्हलच्या पैशांच्या वस्तू एकदम उघडतात. मग पहिल्या दिवशी घेऊन काय मिळतं? कुठे थोडे जास्त गुण, कुठे एखादा आगाऊ पोशाख. आणि मिळते ती ६० दिवसांची बांधिलकी. तुमच्या खेळात असंच आहे ना, ते नियमांत वाचून पाहा. असेल तर सीझनच्या शेवटच्या शनिवारपर्यंत एक रुपया घालू नका. त्या दिवशी तुम्ही ज्या लेव्हलला आहात तिथपर्यंतच्या वस्तू पाहा आणि एवढ्यासाठी चारशे द्यावेत का ते ठरवा. लेव्हल विकत घ्यायची नाही, कधीही नाही.

दहावी-बारावीच्या मुलांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा सीझन सरळ सोडावा. तो पोशाख परत आला तर घ्या, नाही आला तर कंपनीला विचारू का नाही आला.

पालकांनी कागद जमले की पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. नंबर १९१५.